보낸, 보내는, 보낼: कोरियनमधली नामाआधीची क्रियापदं मराठीतून कशी धरायची?

अवनी_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणजवळ एका कोरियन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात मी डिझाइन विभागात आहे. दीड वर्षापासून कोरियन शिकतेय. हांगुल लिपी नीट वाचता येते, साधी वाक्यं जमतात. गेल्या आठवड्यात तिकडच्या वरिष्ठांचा मेसेज आला:

보낸 도면 말고 보낼 도면을 확인해 주세요.

보내다 म्हणजे पाठवणे आणि 도면 म्हणजे ड्रॉइंग, हे मला माहीत होतं. घाईत एवढेच दोन शब्द डोक्यात गेले आणि 'पाठवलेलं ड्रॉइंग तपासा' असं समजून आधीच गेलेली फाइल मी दोन तास तपासत बसले. त्यांना हवं होतं ते नेमकं उलट. गेलेलं सोडा, जे जायचं आहे ते बघा. फरक किती, तर अक्षराच्या पोटातलं एक व्यंजन. बोनेन आणि बोनेल.

वर्गात याचा तक्ता पाठ केला होता. प्रत्यक्ष वाक्य समोर आलं की तक्ता आठवत नाही. इंग्रजीतल्या 'हू' आणि 'विच'ची वाक्यं करून बघते, तर कोरियन वाक्य शेवटाकडून मागे वाचावं लागतं. मराठीतून थेट धरता येईल असं काही आहे का?

रेवा_टोपिक

अगं, यात अवघड काही नाही. ㄴ म्हणजे भूतकाळ, 는 म्हणजे वर्तमान, ㄹ म्हणजे भविष्य. 먹은 빵 खाल्लेला पाव, 먹는 빵 खात असलेला पाव, 먹을 빵 खाणार असलेला पाव. धातू व्यंजनावर संपत असेल तर 은 आणि 을 लावायचं, स्वरावर संपत असेल तर ㄴ आणि ㄹ पोटात घालायचं. 는 ला ती भानगड नाही, ते सगळीकडे तसंच. मी टोपिक परीक्षेची तयारी करतेय, तिथे एवढ्यावर भागतं.

जोशी_मास्तर

मराठी व्याकरण शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून लिहितो. असं वाक्य मराठीत 'जो-तो' लावून होतं. 'जे चित्र तू पाठवलेस ते चित्र.' तेव्हा कोरियनमध्ये 'जो' ला काय म्हणतात ते आधी शोधावं, बाकीचं आपोआप सुटेल.

घाटमाथा

मास्तर, नमस्कार. अडचण अशी की कोरियनमध्ये 'जो' ला शब्दच नाही. पण मराठीत दुसरी वाट आहे आणि ती तुम्ही आम्हाला शाळेत शिकवलेलीच आहे: 'तू पाठवलेलं चित्र'. धातुसाधित विशेषण. कोरियनमध्ये फक्त हीच वाट आहे.

अवनी, मी बुसानला सहा वर्षं होतो आणि पहिलं वर्ष मीही इंग्रजीतून जाऊनच घालवलं. 'आईने काल केलेली भाजी' या वाक्याचा क्रम बघ. कोणी, केव्हा, काय केलं ते आधी, आणि वस्तूचं नाव शेवटी. 엄마가 어제 만든 반찬. शब्दाला शब्द जुळतो. मागे वाचायची गरजच नाही, डावीकडून सरळ वाचत जा आणि क्रियापदाच्या शेपटीकडे लक्ष ठेव. तिथे ㄴ दिसला की मनात 'लेला' म्हण.

आता जिथे मराठी माणूस अडकतो ती जागा. आपला 'णारा' कोरियनमध्ये दोन ठिकाणी फुटतो. 'रोज येणारं गिऱ्हाईक' आणि 'उद्या येणारं गिऱ्हाईक', आपल्याला दोन्हीकडे 'येणारं' चालतं. कोरियन माणूस पहिल्याला 매일 오는 손님 म्हणतो आणि दुसऱ्याला 내일 올 손님. म्हणून 'णारा' मनात आला की एक क्षण थांबायचं. 'येतो तो' म्हणून बघायचं, मग 'येणार आहे तो' म्हणून बघायचं. पहिलं बसलं तर 는, दुसरं बसलं तर ㄹ.

आणि तुझ्या ड्रॉइंगसाठी 'णारा' चालतच नाही, हे लक्षात आलं का? 'पाठवणारं ड्रॉइंग' म्हटलं तर ड्रॉइंगच काहीतरी पाठवतंय असं होतं. तिथे आपण म्हणतो 'पाठवायचं ड्रॉइंग'. करायचं काम म्हणजे 할 일, घालायचे कपडे म्हणजे 입을 옷, वाचायचं पुस्तक म्हणजे 읽을 책. करणारा कोण आणि ज्याच्यावर क्रिया होते ते काय, हा भेद मराठीत प्रत्ययातच दिसतो. कोरियनमध्ये तो दिसत नाही. 올 사람 म्हणजे येणारा माणूस आणि 만날 사람 म्हणजे भेटायचा माणूस, शेपूट दोन्हीकडे ㄹ च. रेवाने लिहिलेला 'खाणार असलेला पाव' म्हणूनच कानाला खटकतो. तो 'खायचा पाव' आहे.

जोशी_मास्तर

बरोबर, मी प्रश्न उलटा वाचला. मग एक विचारतो. 'लेला' हा पूर्णत्व दाखवतो, काळ नव्हे. 'उद्या संध्याकाळपर्यंत आलेले अर्ज घेतले जातील' यात अर्ज यायचे आहेत, तरी आपण 'आलेले' म्हणतो. कोरियन ㄴ सुद्धा असाच आहे, की रेवाताई म्हणतात तसा निव्वळ भूतकाळ?

घाटमाथा

मास्तर, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

तसाच आहे. या तिन्ही शेपट्या घड्याळाकडे बघत नाहीत, वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाकडे बघतात. त्या क्रियेच्या आधी उरकलेलं असेल तर ㄴ, त्याच वेळी चाललेलं असेल तर 는, तेव्हा अजून व्हायचं असेल तर ㄹ.

어제 부산 가는 기차에서 친구를 만났어요.
काल बुसानला जाणाऱ्या गाडीत मैत्रीण भेटली.

सगळी गोष्ट कालची, तरी 가는. कारण भेट झाली तेव्हा गाडी जात होती. रेवाचा नियम घट्ट धरला तर इथे 간 लिहावंसं वाटेल आणि वाक्य बिघडेल. मराठीतही आपण 'गेलेल्या गाडीत भेटली' म्हणत नाही. दुसरं बघा:

올 사람은 다 왔어요.
येणारे सगळे आले.

आले, म्हणजे झालं, तरी आधी 올. ज्यांचं येणं अपेक्षित होतं ते, एवढाच त्याचा अर्थ. बुसानमध्ये एकदा जेवायला जमलो होतो तेव्हा हे वाक्य ऐकलं आणि मी चक्रावलो. भविष्याचा प्रत्यय आणि भूतकाळाचं क्रियापद शेजारी शेजारी कसे, असं वाटलं. मग मनात मराठी वाक्य म्हटलं आणि त्यात चक्रावण्यासारखं काही उरलं नाही.

रेवा_टोपिक

हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. पण मग 때 चं काय? 갈 때, 먹을 때, 어렸을 때. 'लहान असताना' मध्ये भविष्य कुठून आलं? मी ते अपवाद म्हणून पाठ केलंय.

घाटमाथा

때 च्या आधी सहसा ㄹ च येतो, काळ कुठलाही असो. 갈 때 जाताना, 갔을 때 गेलो तेव्हा. तिथे भूतकाळ 았 किंवा 었 वेगळा घालून दाखवतात. म्हणून ㄹ ला 'भविष्य' हे नाव अपुरं पडतं असं माझं मत आहे. जे अजून प्रत्यक्षात उतरलेलं नाही, किंवा उतरलं की नाही याचा विचार न करता नुसतं 'अशी वेळ' म्हणून मनात धरलेलं आहे, तिथे तो येतो. 할 수 있다 म्हणजे करू शकणे, त्यातही तोच ㄹ आहे. 때 पुरतं मात्र पाठांतर केलंस ते योग्यच केलंस.

बेळगावचा_संतोष

मी कोरियनचा विद्यार्थी नाही, मुलीला शिकताना बघतो. पण हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडे घरात मराठी आणि गल्लीत कानडी. कानडीत 'बंद' म्हणजे आलेला आणि 'बरुव' म्हणजे येणारा. बरुव रोजच्यालाही चालतो आणि उद्याच्यालाही, अगदी आपल्या णारासारखा. तमिळ शेजाऱ्यांकडे मात्र तीन रूपं आहेत: वंद, वरुगिऱ, वरुम. मुलीला मी सांगितलं, तुझी कोरियन भाषा तमिळसारखी मोजते.

आमच्या घराचीच एक गोष्ट विचारायची आहे. मुलीने निबंधात 제가 산 집 लिहिलं. तिला 'मी राहिलेलं घर' म्हणायचं होतं. बाईंनी लाल शाईने विचारलं, 'घर विकत घेतलंस?' हे कसं झालं?

घाटमाथा

संतोषराव, तमिळची तुलना मला पटली. 'वरुम' रोजच्या सवयीलाही चालतं, तेव्हा घड्या तंतोतंत जुळणार नाहीत, पण तिसरी घडी आहे हे खरं.

मुलीची चूक मात्र फार स्वाभाविक आहे. 사다 म्हणजे विकत घेणे, 살다 म्हणजे राहणे. धातू ㄹ वर संपत असेल तर या शेपट्यांआधी तो ㄹ गळतो. म्हणून 살다 चं 사는, 산, 살 होतं. आणि 사다 चंही 사는, 산, 살 च होतं. तिन्ही रूपं लिहिताना हुबेहूब एक. 제가 살 집 म्हणजे मी घ्यायचं घर की राहायचं घर, हे पुढचं-मागचं वाक्यच सांगणार. 만들다, 알다 हेही असेच ㄹ गाळतात, 만드는 आणि 아는 होतात, पण त्यांना असा जुळा भाऊ नाही म्हणून गोंधळ होत नाही.

तिने 제가 살던 집 लिहावं. इथे ㄹ गळत नाही, म्हणून 사던 शी गल्लत होत नाही, आणि अर्थही तिला हवा तोच येतो: मी राहायचे ते घर.

नाट्यवेडी

मी फक्त मालिका बघून शिकतेय, वर्ग लावलेला नाही. दोन शंका आहेत. एक, ऐकताना मला 먹는 कधीच 'मॉगनुन' ऐकू येत नाही, 'मॉङनुन' येतं. आणि 갈 데 ऐकताना 'द' चा चक्क 'त्त' होतो. माझे कान चुकतायत का?

दुसरी शंका. 예쁜 여자 मध्ये ㄴ आहे. मग ती बाई पूर्वी सुंदर होती असा अर्थ आहे का? मालिकेत तर समोर उभ्या असलेल्या मुलीला म्हणतात.

घाटमाथा

कान अगदी बरोबर आहेत. 는 च्या न मुळे आधीचा क अनुनासिक होतो. 입는 चं 'इम्नुन' आणि 듣는 चं 'दुन्नुन' त्यामुळेच होतं. आणि शेपटीच्या ㄹ नंतरचं व्यंजन घट्ट होतं, म्हणून 갈 데 'गाल्त्ते' आणि 할 사람 मधला स जोरात. पोटातला ㄹ ऐकायचा निसटला तरी पुढचं व्यंजन घट्ट झालं की अजून व्हायच्या गोष्टीचं बोलणं चाललंय हे कळतं. ㄴ नंतर असं होत नाही.

सुंदरचं उत्तर जरा मुळातून देतो. 는 हा एक प्रत्यय दिसतो, पण मुळात तो 느 आणि ㄴ असा जोड आहे. 느 म्हणजे क्रिया चालू आहे. खाणं, जाणं, पाठवणं चालू असू शकतं, म्हणून तिथे 느 लागतो. क्रियापदातून 느 काढला आणि नुसता ㄴ ठेवला की 'चालू नाही, झालं' असा अर्थ उरतो. सुंदर असणं, मोठं असणं ही क्रियाच नाही, त्यामुळे तिथे 느 मुळात येत नाही. नुसता ㄴ लागतो आणि अर्थ आत्ताचाच राहतो. 예쁜 여자 म्हणजे सुंदर मुलगी, 큰 집 म्हणजे मोठं घर.

शब्द कुठल्या गटातला ते कळत नसेल तर बोलून बघ. 먹는다, 간다 म्हणता येतं, 예쁜다 म्हणता येत नाही. ज्याला 는다 किंवा ㄴ다 लागतं त्याला नामाआधी वर्तमानात 는 लागणार. 좋다 ला नाही लागत, म्हणून 좋은 책 चांगलं पुस्तक. 좋아하다 ला लागतं, म्हणून 좋아하는 책 आवडतं पुस्तक. 있다 आणि 없다 मात्र वेगळे धरा, त्यांना 는 लागतो. म्हणून 맛있는, 재미없는. 맛있은 असं लिहिलेलं दिसलं की शिकाऊ माणूस ओळखावा, मीही वर्षभर लिहायचो.

पूर्वी सुंदर होती म्हणायचं असेल तर 예뻤던.

रेवा_टोपिक

थांबा, 안경을 쓴 사람 म्हणजे चष्मा घातलेला माणूस ना? चष्मा तर आत्ता डोळ्यावर आहे. तिथे 쓰는 हवं होतं, कारण क्रियापद आहे आणि गोष्ट आत्ताची आहे. मी परीक्षेत 쓰는 लिहिलं आणि गुण गेले.

जोशी_मास्तर

रेवाताई, तुम्हीच आत्ता 'चष्मा घातलेला' लिहिलंत. 'चष्मा घालणारा' नाही लिहिलंत. घालण्याची क्रिया संपली, तिचं फळ डोळ्यावर आहे. म्हणून लेला.

घाटमाथा

मास्तरांनी माझं काम केलं. 쓰는 사람 म्हणजे नेहमी चष्मा वापरणारा, मग आत्ता डोळ्यावर नसला तरी चालेल. टोपी घातलेलं पोर, लग्न झालेला माणूस, 결혼한 사람, सगळीकडे आपला लेला आणि त्यांचा ㄴ हातात हात घालून चालतात.

एक जागा सांभाळून. 'खुर्चीवर बसलेला माणूस' ला 앉은 चालतं, पण 앉아 있는 사람 जास्त ऐकू येतं. 'उभा असलेला' साठी 서 있는. तिथे ते लोक 'बसून असणारा' असं म्हणतात.

अवनी_चाकण

मी सगळं वहीत उतरवून घेतेय. 던 बद्दल कोणीतरी सविस्तर लिहा ना. वर घराच्या गोष्टीत आलं, पण 산 आणि 살던 मधला फरक मला अजून नीट दिसत नाही.

घाटमाथा

घर बाजूला ठेव, कॉफी घे. टेबलावर एक कप आहे. 제가 마신 커피 म्हटलं तर मी प्यायलेली कॉफी, संपली. 제가 마시던 커피 म्हटलं तर मी पीत होते ती, अजून कपात उरलेली आहे, मध्ये उठून गेले. कोणी तो कप उचलायला आला तर 마시던 거예요 म्हणावं लागतं, 마신 거예요 म्हटलं तर तो उचलून नेईल. यातला 더 म्हणजे बोलणाऱ्याने मागे वळून आठवणं, आणि ㄴ तोच आपला. म्हणून 던 मध्ये मागे चाललेली पण तिथेच न संपलेली किंवा वारंवार होणारी गोष्ट येते. 자주 가던 식당, नेहमी जायचो ती खानावळ. मराठीत याला एकच प्रत्यय नाही, कधी 'जायचो ती' तर कधी 'पीत होतो ती'.

अवनी_चाकण

कपाने कळलं. आज एक प्रयोग केला, चूक असेल तर सांगा. दुपारी शेडच्या पत्र्यावर आवाज येत होता, तेव्हा 비가 오는 것 같아요 म्हणाले. सकाळी रस्ता ओला दिसला होता, तिथे 비가 온 것 같아요 म्हणायला हवं होतं. आणि आत्ता आभाळ भरलंय, तर 비가 올 것 같아요. बरोबर का?

साहेबांना उत्तरही लिहिलं: 내일 보내는 도면을 다시 확인했어요.

घाटमाथा

पावसाची तिन्ही वाक्यं उत्तम. पाऊस पडून गेलेला दिसतोय, पडतोय वाटतं, पडेलसं दिसतंय.

ड्रॉइंगच्या वाक्यात मी 보낼 लिहिलं असतं. उद्या पाठवायचं आहे ते, म्हणून ㄹ.

रेवा_टोपिक

इथे मी अडवते. 내일 떠나는 기차, 다음 주에 결혼하는 친구 हे मी कोरियन लोकांच्या तोंडून ऐकलंय. उद्याची गाडी, पुढच्या आठवड्यातलं लग्न, तरी 는. मग अवनीचं 내일 보내는 का चुकीचं?

घाटमाथा

चुकीचं म्हणणार नाही. वेळापत्रकात पक्कं बसलेलं असलं की 는 येतो, तू ऐकलंस ते खरं आहे. गाडी उद्या सुटणारच, लग्न ठरलेलंच. 결혼할 친구 म्हटलं तर उलट 'जिच्याशी लग्न करायचंय ती मैत्रीण' असाही अर्थ डोकावतो, म्हणून तिथे 결혼하는 च सुटसुटीत. पण ड्रॉइंग अजून तपासणीत आहे, उद्या जाईलच असं नाही. म्हणून माझा कल 보낼 कडे. एवढ्या बारीक जागी दोन कोरियन माणसंही दोन उत्तरं देतील. बुसानचे माझे दोन सहकारी अशाच एका वाक्यावरून जेवणभर वाद घालत होते आणि शेवटी दोघांनी दोन्ही ठेवली.

जोशी_मास्तर

मराठीतही 'उद्या जाते ती गाडी' आणि 'उद्या जाणार ती गाडी' यांत असाच बारीक फरक जाणवतो. पहिल्यात वेळापत्रक आहे.

बेळगावचा_संतोष

मुलीने निबंध पुन्हा लिहिला, 제가 살던 집. बाईंनी आता 살았던 का नाही असं विचारलंय. दोन्ही चालतं का?

रेवा_टोपिक

माझ्या पुस्तकात 다니던 학교 आणि 다녔던 학교 दोन्ही एकाच पानावर आहेत आणि अर्थ सारखाच दिलाय. मलाही हे हवंय.

घाटमाथा

दोन्ही चालतं. 살았던 मध्ये ते राहणं संपलं, आता तिथे नाही, हे जास्त ठळक होतं. 살던 मध्ये त्या दिवसांत मागे जाऊन उभं राहिल्यासारखं होतं. एकदाच घडलेलं असेल तर मात्र नुसतं 던 नको, आधी 았 किंवा 었 हवा: 작년에 갔던 식당, गेल्या वर्षी एकदा गेलो होतो ती. मुलीच्या निबंधात बालपणाचं घर असेल तर मी 살던 ठेवलं असतं. बाईंना नेमकं काय खटकलं ते तिने विचारून इथे लिहावं, पूर्ण वाक्य दिलं तर जास्त बरं.

अवनी_चाकण

साहेबांचं उत्तर आलं: 확인한 도면으로 보내 주세요. तपासलेलंच ड्रॉइंग पाठवा. या वेळी 한 वर आधी नजर गेली, मग 도면 वर. पाठवलं.